फोटो दाखवायचा, पण द्यायचा नाही

तुळशीची लग्नं लागली की लगीनसराई सुरू होते आणि पुढचे सहा-सात महिने फोटोग्राफरला श्वास घ्यायला फुरसत नसते. पण कोणत्याही स्टुडिओत जाऊन विचारा, काम अडतं ते लग्नात नाही, लग्नानंतर अल्बमच्या सिलेक्शनपाशी अडतं. लग्नाचे हजार-दीड हजार निवडक फोटो असतात. त्यातले दीडशे-दोनशे अल्बममध्ये जायचे असतात आणि ते कोणते हे घरच्यांनी सांगायचं असतं. फोटोग्राफर पेनड्राइव्ह देतो. नवरा-नवरी नोकरीसाठी बंगळूरला, मुलीकडचे मिरजेला, मुलाकडचे कराडला आणि पेनड्राइव्ह यातल्या एकाच घरात. मग व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर यायला लागतात: ‘४५७ घ्या, ४६० नको, आणि दादा, तो मामांचा फेट्यातला फोटो घ्याच.’ मामांचे फेट्यातले फोटो अकरा असतात. यादी पक्की होईपर्यंत अल्बम लागत नाही आणि बहुतेक ठिकाणी शेवटचा हप्ता अल्बम हातात पडल्यावरच मिळतो.

पेनड्राइव्हचा दुसरा त्रास याहून मोठा आहे. त्यात फोटो पूर्ण दर्जाचे असतात. एखादा हौशी भाऊ त्यातलेच शंभर फोटो दुसऱ्या लॅबमधून छापून आणतो, कोणी रंग न सुधारलेले फोटो इन्स्टाग्रामवर टाकतो आणि मग घरच्यांची अल्बमची घाई संपते. फोटोग्राफरने दाखवायला दिलेली वस्तू प्रत्यक्षात देऊनच टाकलेली असते.

लग्नाच्या फोटोग्राफरची वेबसाइट या दुखण्यावरचं औषध आहे, फक्त ती त्याच हेतूने बांधायला हवी. बरेच जण साइट म्हणजे निवडक पन्नास सुंदर फोटो, संपर्काचा नंबर आणि पॅकेजचे दर एवढंच समजतात. तो साइटचा दर्शनी भाग झाला आणि तो एका शनिवारी उभा राहतो. खरं काम आतल्या भागात आहे. तिथे एकेका लग्नाची खासगी गॅलरी असते, ती फक्त त्या दोन घरांना दिसते, तिच्यात प्रत्येक फोटोवर वॉटरमार्क असतो आणि घरचे मोबाइलवरून हवे ते फोटो निवडतात. या व्यवसायात याला प्रूफिंग म्हणतात. पिक्सिसेटसारख्या तयार सेवा हे काम वर्गणी घेऊन करून देतात. वर्षाला चार-पाच लग्नं करणाऱ्याला तेवढं पुरे. लग्नं वाढली आणि मराठीतून, आपल्या माणसांच्या सवयीने चालणारी गॅलरी हवी असली, की स्वतःची साइट परवडते. तयार सेवा घ्या किंवा स्वतः बांधा, पुढच्या गोष्टी समजल्याशिवाय दोन्हींत फसायला होतं.

सांगलीतलं एक लग्न धरून चालू. दोन फोटोग्राफर, दोन निकॉन कॅमेरे, साखरपुड्यापासून वरातीपर्यंत मिळून ३,८०० फोटो. मिटलेले डोळे, हललेले हात, तीच तीच चौकट असं काढून टाकल्यावर उरले १,४००. हे सगळे आता साइटवर चढवायचे आहेत. सुरुवात वेबसाइटवर नाही, स्टुडिओतल्या संगणकावर होते आणि तीही फोटोंच्या नावापासून.

निकॉन कॅमेरा फोटोला `DSC_0001` पासून `DSC_9999` पर्यंत नावं देतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दोन कॅमेरे असले की `DSC_0457` नावाचे दोन फोटो निघणं अगदी सहज घडतं, एक हळदीचा आणि एक सप्तपदीचा. दोन्ही एकाच फोल्डरात चढवले तर दुसरा पहिल्याला पुसून टाकतो. वेगळ्या फोल्डरात ठेवले तर निवडीच्या यादीतला ४५७ कोणता, हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून साइटवर एकही फोटो चढवण्याआधी सगळ्यांना नवी नावं द्यायची. दोन आडनावांची आद्याक्षरं आणि चार आकडी क्रमांक: `JS0001`, `JS0002`, असं `JS1400` पर्यंत. पुढची शून्यं गाळायची नाहीत. `JS45` शोधताना `JS450` ते `JS459` सगळे सापडत बसतात, `JS0045` मात्र एकच असतो. ही नावं मूळ रॉ फाइलनाच द्यायची, नुसत्या साइटवरच्या प्रतींना नाही. शेवटी निवडीची यादी परत येईल ती याच नावांनी, आणि तेव्हा मूळ फाइल त्याच नावाने सापडली पाहिजे.

नावं वेळेच्या क्रमाने द्यायची असतात आणि इथे दुसरी अडचण समोर येते. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं क्वचितच जुळलेली असतात. दुसरा कॅमेरा सात मिनिटं मागे असला, तर अंतरपाट दूर झाल्यानंतरचे हार घालतानाचे फोटो मंगलाष्टकांच्या मध्येच येतात. पाहणाऱ्याला काय चुकलंय ते नेमकं सांगता येत नाही, पण गॅलरी विस्कटलेली वाटते. फरक शोधायला दोन्ही कॅमेऱ्यांत सापडलेला एकच क्षण घ्यायचा. अक्षता उधळल्याचा क्षण याला उत्तम. दोन्ही फोटोंची वेळ पाहायची आणि लाइटरूम क्लासिकमध्ये एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून `Edit Capture Time` मधून तेवढा फरक भरून काढायचा. पुढच्या लग्नापासून सोपी सवय म्हणजे, काम सुरू करताना दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलवरच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवायचा.

आता फोटोचा आकार. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६,००० बाय ४,००० पिक्सेलचा असतो आणि चांगल्या दर्जाच्या जेपेगला दहा एमबीच्या आसपास जागा लागते. १,४०० फोटो म्हणजे चौदा जीबी. हे साइटवर चढवायचं कारणच नाही. फोटो निवडायला घरच्यांना एवढंच कळावं लागतं की डोळे उघडे आहेत, चेहरा नीट आलाय, मागे कोणी जांभई देत नाहीये. त्यासाठी लांब बाजू १,६०० पिक्सेल पुरेशी होते. मोबाइलवर बोटांनी थोडं मोठं करूनही दिसतं. प्रत्येक फोटो साडेतीनशे केबीच्या आसपास येतो. शिवाय गॅलरीची जाळी भरायला चारशे पिक्सेलची एक छोटी प्रत, तीस केबीची. म्हणजे पूर्ण लग्न साधारण ५३० एमबीत बसतं आणि वर्षाची चाळीस लग्नं एकवीस-बावीस जीबीत. मूळ फोटो चढवले असते तर हाच हिशेब साडेपाचशे जीबीच्या पुढे गेला असता.

पण जागा वाचणं हा त्यातला छोटा फायदा. १,६०० पिक्सेलचा फोटो छपाईच्या तीनशे डीपीआयला जेमतेम सव्वापाच इंच रुंद निघतो. बारा बाय अठराच्या अल्बमच्या पानावर तोच ताणला तर प्रति इंच नव्वदसुद्धा ठिपके उरत नाहीत आणि चेहरे मऊ, धुरकट दिसतात. म्हणजे उद्या सगळी साइट कोणी उपसून नेली तरी अल्बम करण्याजोगं त्याच्या हाती काही लागत नाही. मूळ फोटो स्टुडिओतल्या हार्ड डिस्कवरच राहतात, आणखी एका डिस्कवर त्यांची प्रत असते आणि ते इंटरनेटवर जातच नाहीत. माझ्या मते सगळ्या सुरक्षेचा पाया इथेच आहे. पुढे वॉटरमार्क आणि पासवर्ड येतात, पण ते या निर्णयाच्या वरचे मजले.

वॉटरमार्क म्हणजे फोटोवर उमटवलेलं पुसट नाव. तो दोन प्रकारे लावता येतो आणि त्यातला एक फसवा आहे. काही साइट फोटो स्वच्छच ठेवतात आणि ब्राउझरमध्ये त्यावर नावाचा पारदर्शक थर अंथरतात. दिसायला वॉटरमार्क दिसतो, पण फोटो वेगळा उघडला की खाली स्वच्छ फाइल असते. वॉटरमार्क फाइलच्या पिक्सेलमध्येच मिसळलेला हवा. इमेजमॅजिक या मोफत प्रोग्रामने ते एका आज्ञेत होतं:

```
magick JS0457.jpg -auto-orient -resize 1600x1600 \
  watermark.png -gravity center \
  -compose dissolve -define compose:args=25 -composite \
  -strip -quality 80 proof/JS0457.jpg
```

यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी फोटो सरळ होतो, मग लहान होतो आणि मगच त्यावर वॉटरमार्क पंचवीस टक्के गडदपणाने बसतो. आधी वॉटरमार्क लावून नंतर फोटो लहान केला, तर बारीक अक्षरं विरघळून जातात. `-strip` फोटोसोबतची लपलेली माहिती काढून टाकतं. मोबाइलने काढलेला एखादा फोटो गॅलरीत असला तर त्यात घराचं नेमकं ठिकाणही नोंदलेलं असू शकतं, म्हणून हे हवंच. मात्र याच आज्ञेने रंगांची ओळख सांगणारी नोंदही निघून जाते. लाइटरूममधून फोटो अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये काढला असेल तर साइटवर शालूचा लाल रंग मलूल, मातकट दिसायला लागतो. घरचे म्हणतात, ‘दादा, फोटो फिके आलेत.’ लाइटरूममधून एक्स्पोर्ट करतानाच रंगासाठी एसआरजीबी निवडलं की हा प्रश्न येत नाही.

`watermark.png` कशी असावी यावर वेळ घालवण्यासारखा आहे. कोपऱ्यात छोटा लोगो ठेवला तर तो कापून काढायला दोन सेकंद लागतात. मधोमध ठसठशीत नाव ठेवलं तर ते नेमकं नवरीच्या चेहऱ्यावर बसतं आणि निवड करायलाच अडचण होते. मधला मार्ग म्हणजे १,६०० बाय १,६०० च्या पारदर्शक चौकोनावर तिरक्या ओळींत, सुटं सुटं लिहिलेलं बारीक नाव. चौकोन असल्यामुळे तो उभ्या आणि आडव्या, दोन्ही फोटोंवर नीट बसतो, जास्तीचा भाग आपोआप बाहेर राहतो. अक्षरं नुसती पांढरी ठेवू नयेत. आपल्या लग्नांत अंतरपाट पांढरा, मुंडावळ्यांचे मोती पांढरे, नवरदेवाचा सदरा मोतिया, त्यात पांढरं नाव हरवतं. पांढऱ्या अक्षराला काळी बारीक कड दिली की ते सगळीकडे दिसतं. आणि त्या नावात स्टुडिओसोबत त्या लग्नाचा संकेतही लिहावा, उदाहरणार्थ ‘JS नमुना प्रत’. फोटो बाहेर फिरताना दिसला तर तो कोणत्या गॅलरीतून गेला हे लगेच कळतं आणि पाहणाऱ्यालाही समजतं की हा अजून तयार न झालेला फोटो आहे.

वॉटरमार्कवर किती भरवसा ठेवायचा, याचं उत्तर २०१७ मध्येच मिळालं. गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की एकाच ठेवणीचा वॉटरमार्क शेकडो फोटोंवर असेल तर संगणक त्या सगळ्या फोटोंतलं समान काय ते शोधतो, वॉटरमार्कचा आकार आणि पुसटपणा ओळखतो आणि तो जवळपास निर्दोषपणे वजा करतो. तो फोटोगणिक नुसता इकडेतिकडे सरकवला किंवा कमी-जास्त पुसट केला तरी फारसा फरक पडत नाही, पण प्रत्येक फोटोवर किंचित वेगळा वाकवला तर काढताना खुणा उरतात, असंही त्यांना आढळलं. लग्नाची गॅलरी म्हणजे याला आयतं सावज, एकाच वॉटरमार्कचे १,४०० फोटो. म्हणून मी वॉटरमार्कला कुलूप मानत नाही. ती पाटी आहे, वाचणाऱ्याला सांगणारी. साध्या माणसाला ती पुरेशी अडवते आणि जो तरीही पुसेल त्याच्या हाती १,६०० पिक्सेलचाच फोटो राहतो. राइट-क्लिक बंद करणाऱ्या युक्त्यांवर तर वेळ दवडूच नये. मोबाइलवर स्क्रीनशॉट घ्यायला राइट-क्लिक लागत नाही.

कुलपाची गोष्ट वेगळी आहे आणि सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात. बहुतेक जण गॅलरीच्या पानाला पासवर्ड लावतात आणि निर्धास्त होतात. पण पान आणि पानावरचे फोटो या इंटरनेटच्या दृष्टीने वेगवेगळ्या वस्तू आहेत, प्रत्येक फोटोला स्वतःचा पत्ता असतो. पान बंद आणि फोटोंचे पत्ते खुले, म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. वर्डप्रेसवर बांधलेल्या साइटवर हे हमखास आढळतं. तिथे पानाला पासवर्ड द्यायची सोय आहे, पण चढवलेले फोटो `wp-content/uploads` या खुल्या फोल्डरात वर्ष-महिन्याच्या क्रमाने पडून राहतात. त्यात आणखी एक खोच आहे. २,५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस, २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून, त्याची लहान प्रत करून नावापुढे `-scaled` जोडतं आणि मूळ फोटो तिथेच ठेवतं. पत्त्यातून `-scaled` हे शब्द खोडले की मूळ, पूर्ण आकाराचा फोटो उघडतो. मूळ फोटो साइटवर नेऊच नका असं मी वर म्हटलं, त्याचं हे सर्वांत रोखठोक कारण.

आपल्या साइटची परीक्षा कोणालाही घेता येते. पासवर्ड टाकून गॅलरी उघडा, एका फोटोवर राइट-क्लिक करून फोटोचा पत्ता कॉपी करा, ब्राउझरची खासगी खिडकी उघडा आणि तो पत्ता तिथे टाका. फोटो दिसला तर गॅलरी खासगी नाही. मग त्या पत्त्यातला ०४५७ काढून ०४५८ टाकून पाहा. तोही दिसला तर अख्खं लग्न बाहेर आहे.

बरोबर रचना अशी असते की फोटो साइटच्या खुल्या फोल्डरात नसतातच. ते सर्व्हरवर बाजूला ठेवलेले असतात. कोणी फोटो मागितला की आधी साइटचा प्रोग्राम पाहतो, या माणसाने या गॅलरीचा पासवर्ड दिलाय का. दिला असेल तर तो सर्व्हरला `X-Accel-Redirect` नावाच्या खुणेने सांगतो की अमुक फाइल याला दे. एनजिनएक्स या सर्व्हरवर त्यासाठी एवढंच लिहावं लागतं:

```
location /proofs/ {
    internal;
    alias /srv/proofs/;
}
```

`internal` या एका शब्दात सगळं आलं. बाहेरून कोणी थेट `/proofs/` चा पत्ता टाकला तर त्याला फोटो सापडत नाही, फक्त प्रोग्रामच्या सांगण्यावरून तो दरवाजा उघडतो. फोटो भाड्याच्या क्लाउडवर ठेवले असतील तर तिथे ठरावीक वेळेनंतर आपोआप निकामी होणारे सहीचे पत्ते बनवता येतात, तोही चांगला मार्ग. मध्ये साइट वेगवान करणारी सेवा बसवली असेल तर तिने हे फोटो स्वतःकडे साठवू नयेत म्हणून उत्तरासोबत `Cache-Control: private` पाठवायचं. नाहीतर पासवर्डवाल्याने पाहिलेला फोटो ती सेवा पुढच्या कोणालाही आपल्या साठ्यातून देऊ शकते.

पासवर्डबद्दल एक खास आपल्याकडची गोष्ट. फोटोग्राफर सोय म्हणून पासवर्ड ठेवतात तो वधू-वरांची नावं आणि लग्नाची तारीख. या दोन्ही गोष्टी पत्रिकेवर छापलेल्या असतात आणि पत्रिका हजार घरांत गेलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर तर ती कुठवर पोहोचली याला गणतीच नाही. गॅलरीचा पत्ताही `/gallery/41` असा नको, कारण ४० आणि ४२ कोणीही टाकून पाहतं. पत्त्यात लांब, अर्थहीन अक्षरं असावीत आणि पासवर्ड पत्रिकेशी संबंध नसलेला, वेगळा फोन करून सांगितलेला असावा. दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की त्याखाली आपोआप एक छोटं चित्र दिसतं, तेही तपासावं. साइट बांधणाऱ्याने तिथे गॅलरीचा पहिला फोटो नेमून ठेवला असेल तर नवरीचा फोटो पासवर्डविनाच गटागटांत फिरतो. खासगी गॅलरीसाठी तिथे फक्त स्टुडिओचा लोगो द्यायचा.

आता निवड. आपल्याकडे अल्बम दोघांचा नसतो, दोन कुटुंबांचा असतो. मुलाच्या आईला रुखवतापाशी उभ्या असलेल्या विहिणी हव्या असतात, मुलीला मैत्रिणींसोबतचे कॅन्डिड आणि कानपिळीत भावाने नवरदेवाचा कान पिळलेला फोटो तर दोन्ही घरांना. एकाच पासवर्डवर सगळ्यांनी एकच बदाम दाबायचा ठेवला, तर आत्याने केलेली निवड मामी काढून टाकतात आणि कोणी काय केलं कळत नाही. म्हणून गॅलरीत शिरताना प्रत्येकाने नाव टाकावं आणि निवड त्या नावाने साठावी. कोणत्या फोटोवर कोणाकोणाचे बदाम आहेत ते वधू-वरांना दिसतं आणि शेवटची निवड फक्त त्यांची धरली जाते. वर सतत आकडा दिसत राहावा, ‘१५० पैकी १२७’. दीडशेच्या पुढे गेलं तर अडवू नये, प्रत्येक जादा शीटचा दर दाखवावा. गॅलरीचे साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टका, पंगत, पाठवणी असे भाग पाडले की हळदीचेच साठ फोटो घेऊन बसल्याचं लोकांना आपोआप लक्षात येतं.

ही निवड प्रत्येक बदामासरशी सर्व्हरवर साठली पाहिजे. काही साइट ती फोनच्या ब्राउझरमध्येच ठेवतात. कोणी फोनमधला कचरा साफ केला की दोन रात्रींची निवड जाते, आणि त्यानंतर ते घर महिनाभर गॅलरी उघडत नाही. फोटोखाली सूचनेसाठी जागाही हवी. ‘मागचा जनरेटर काढता येईल का’, ‘आजींचे डोळे मिटलेत, दुसरा आहे का’, हे त्या त्या फोटोखालीच लिहिलेलं असलं की फोनवर शोधाशोध उरत नाही. सगळं झालं की वधू-वर ‘निवड पक्की’ दाबतात, गॅलरी गोठते आणि फोटोग्राफरला नावांची यादी मिळते:

```
JS0012, JS0045, JS0046, JS0131, JS0457
```

ही यादी लाइटरूमच्या लायब्ररीत, फाइलनावाच्या शोधात `Contains` निवडून चिकटवली की तेवढेच मूळ फोटो समोर येतात. आलेल्या फोटोंची संख्या यादीशी जुळवून पाहायची. यादीत १५० आणि समोर १५३ आले तर कुठेतरी रॉसोबत जेपेग किंवा एखाद्या फोटोची दुसरी प्रत मोजली गेली आहे. १४८ आले तर नावं बदलताना काही फाइल मागे राहिल्या आहेत. आकडा जुळल्यावरच अल्बमच्या डिझाइनला हात घालावा, कारण पानं लागल्यावर सापडलेली चूक महागात पडते.

वॉटरमार्कवर स्टुडिओचं नाव असलं म्हणजे फोटो स्टुडिओचा झाला, असं मात्र नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला, तर उलट करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक तो फोटो काढून घेणाराच असतो. म्हणजे करार न करता काढलेले लग्नाचे फोटो कायद्याने काम देणाऱ्या घराचे ठरतात. हे ठाऊक असलेले फोटोग्राफर थोडेच भेटतात. त्यांच्या हातातली खरी गोष्ट एवढीच की पूर्ण फोटो पैसे मिळाल्यावर द्यायचे आणि तोवर नमुना प्रत दाखवायची, आणि हेही बुकिंगच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असावं: गॅलरी किती दिवस उघडी राहील, निवड किती दिवसांत द्यायची, उशीर झाला तर काय, मूळ फोटो स्टुडिओ किती काळ जपेल. साठ दिवसांची मुदत आणि संपण्याआधी आठवडाभर एक आठवण, एवढ्यानेही निवड लवकर येते.

साइटच्या दर्शनी भागासाठी फोटो लागतात तेही याच गॅलऱ्यांतून आणि कॉपीराइट कोणाचाही असो, तिथे परवानगी स्वतंत्रच घ्यायला हवी. निवडीच्या बदामाशेजारी आणखी एक चौकोन ठेवावा: ‘हा फोटो स्टुडिओच्या वेबसाइटवर चालेल’. तो आधीपासून भरलेला नसावा, घरच्यांनी स्वतः भरावा. लहान मुलं ठळक दिसत असतील तर त्यांच्या आई-बाबांना वेगळं विचारावं. कालांतराने एखाद्या घराने ‘तो फोटो काढा’ असा फोन केला तर पानावरून फोटो काढून भागत नाही, सर्व्हरवरची फाइल आणि तिच्या सगळ्या लहान-मोठ्या प्रती पुसाव्या लागतात. त्यानंतरही गूगलच्या चित्रशोधात ती काही काळ दिसत राहू शकते. तेव्हा गूगलच्या `Refresh Outdated Content` या पानावर त्या फोटोचा जुना पत्ता देऊन विनंती करायची, आणि ती मंजूर झाल्याचं त्या घराला फोन करून कळवायचं.